ऑडिओग्राम नॉर्मल, तरी कानात शिट्टी का वाजते?

प्रश्न: काही महिने झाले, दोन्ही कानांत बारीक शिट्टीसारखा आवाज सतत येतोय. ईएनटी डॉक्टरांनी तपासलं, ऑडिओग्राम नॉर्मल आला, कानात काही दोष नाही म्हणाले. मग हा आवाज येतो तरी कुठून?

उत्तर: बहुधा मेंदूतून. पण त्याची सुरुवात कानातच झालेली असू शकते, आणि नॉर्मल ऑडिओग्राममुळे ती शक्यता संपत नाही. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. हाच प्रश्न घेऊन येणारे लोक मला नेहमी भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आंतरकर्णातली कॉक्लिया म्हणजे शंखासारखी वेटोळी घातलेली, सुमारे ३५ मिलिमीटर लांबीची नळी. तिच्या तोंडाशी उंच पट्टीचे आवाज ओळखले जातात आणि आत टोकाकडे खालच्या पट्टीचे. तिथल्या बाह्य केशपेशी कंपनं वाढवतात. आतल्या बाजूच्या सुमारे ३,५०० केशपेशी त्या कंपनांचे विद्युतसंदेश करून श्रवणचेतेच्या तंतूंकडे देतात. असे जवळपास ३०,००० तंतू प्रत्येक कानातून निघतात. पूर्ण शांततेतही हे तंतू गप्प नसतात, स्वतःहून संदेश पाठवत राहतात. तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

हे तंतू मेंदूच्या खोडात कॉक्लियर न्यूक्लियसपाशी पोचतात. पुढच्या टप्प्यावर दोन्ही कानांची माहिती एकत्र येते, म्हणून आवाज कोणत्या दिशेचा हे कळतं. मग मध्यमेंदू, तिथून थॅलॅमस आणि शेवटी कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या टेम्पोरल भागातलं श्रवणकेंद्र. या सगळ्या वाटेवर पट्ट्यांचा क्रम टिकून राहतो: कॉक्लियात शेजारी असलेल्या पट्ट्या श्रवणकेंद्रातही शेजारीच असतात.

आता समजा, कॉक्लियाच्या तोंडाजवळच्या काही पेशी निकामी झाल्या. त्या पट्टीचे संदेश कमी झाले. वरच्या केंद्रांमध्ये पेशींना आवरून धरणारे संदेशही असतात. कानाकडून येणारा ओघ आटला की हा आवर सैल पडतो आणि केंद्रं आपली संवेदनशीलता वाढवतात. मग तिथल्या पेशींची मूळची कुजबुज वाढते, शेजारच्या पेशी एकदम संदेश देऊ लागतात आणि मेंदू त्याचा अर्थ लावतो ‘आवाज’. म्हणूनच ही शिट्टी पुष्कळदा ऐकू कमी येणाऱ्या पट्टीतच असते. काही रुग्णांची श्रवणचेता शस्त्रक्रियेत कापली गेली, तरी त्यांचा आवाज थांबला नाही. तो फक्त कानात तयार होत असता तर थांबायला हवा होता.

मग ऑडिओग्राममध्ये हे दिसत का नाही? एक कारण साधं आहे. नेहमीची चाचणी २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतच होते. ध्वनिमुद्रणाचं काम करणारा एक तरुण माझ्याकडे आला होता, तक्रार तुमच्यासारखीच. ८,००० हर्ट्झपर्यंत त्याचा आलेख स्वच्छ होता. वरच्या पट्ट्यांची चाचणी केली तेव्हा १०,००० हर्ट्झनंतर आलेख घसरला आणि १२,५०० हर्ट्झला त्याला ५० डेसिबलखाली काही ऐकू येईना. मग वेगवेगळे सूर ऐकवून त्याची शिट्टी जुळवली, ती बरोबर त्या घसरणीतच बसली.

दुसरं कारण जास्त अवघड आहे. ऑडिओग्राम फक्त अगदी हळू आवाज ऐकू येतो का, एवढंच विचारतो. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की मोठ्या गोंगाटानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केशपेशीही शाबूत राहिल्या, पण पेशी आणि तंतू यांमधले पुष्कळसे सांधे कायमचे गेले. जिवंत माणसात हे सांधे मोजता येत नाहीत, त्यामुळे तुमच्याबाबतीत हा अंदाजच राहील. गोंगाटात बोलणं समजायला त्रास होत असेल तर मात्र तो अंदाज बळावतो.

एक गोष्ट स्वतः करून बघा: दात घट्ट आवळल्यावर आवाज बदलतो का? जबड्याच्या आणि मानेच्या संवेदना कॉक्लियर न्यूक्लियसपर्यंत पोचतात, म्हणून अनेकांचा बदलतो. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, जबडा आणि मान तपासायला हवी.

आवाज हमखास बंद करणारं औषध आज नाही. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने पुष्कळांना आराम पडतो, कारण आटलेला ओघ थोडा परत मिळतो. त्रास आणि झोपमोड कमी करण्यासाठी कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपीचा, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराचा, पुरावा सर्वांत भक्कम आहे. रात्री अगदी शांत खोलीत झोपू नका, मंद आवाज चालू ठेवा.

पुन्हा डॉक्टरांकडे गेलात की वरच्या पट्ट्यांच्या चाचणीबद्दल विचारा आणि चालू असलेल्या औषधांची यादी न्या. ॲस्पिरिनचे मोठे डोस, जेंटामायसिन, सिसप्लॅटिन यांनीही असा आवाज येतो. पुढे आवाज एकाच कानात उरला किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येऊ लागला, तर लवकर दाखवा, त्यासाठी वेगळ्या तपासण्या लागतात. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी जा. त्यावरच्या स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो.