स्लो कुकरमध्ये राजमा लावण्याआधी

राजमा भिजवून थेट स्लो कुकरमध्ये टाकू नका. कच्च्या दाण्यात लेक्टिन नावाचं विष असतं आणि ते मोडायला खळखळती उकळी लागते. स्लो कुकर बऱ्याचदा ७५-८० अंशांवरच रेंगाळतो. दाणा मऊ होतो, पण विष तसंच राहतं, उलट वाढूही शकतं. म्हणून मऊ झाला म्हणजे शिजला, असं इथे धरू नका. असे चार-पाच दाणेही एक ते तीन तासांत उलट्या सुरू करतात.

रात्रभर भिजवा, ते पाणी फेका. ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा, तेही पाणी ओतून टाका, मग खुशाल स्लो कुकर लावा. आपला शिट्टीचा कुकर असेल तर ही भानगडच नाही.