वास्तुशांत: वसंत पंचमीला भटजी नको का म्हणाले, आणि त्या दिवसाचा क्रम

«फोंड्याजवळ आमचं चिऱ्याचं नवं घर माघात तयार होतंय. वसंत पंचमीला रेवती नक्षत्र आहे, मोबाईलवर दिवस शुभ दाखवतो, तरी भटजी नको म्हणतात. कारण काय असेल? आणि प्रवेश, वास्तुशांत, सत्यनारायण हे सगळं एका दिवसात कोणत्या क्रमाने बसवायचं?»

तुमच्या भटजींनी बहुतेक कलशचक्र पाहिलं असणार. मोबाईल तिथी, वार आणि नक्षत्र पाहतो. रेवती मृदू नक्षत्र, पंचमी चांगली तिथी, त्यामुळे तो होकार देतो. पण गृहप्रवेशाला यापुढे एक मोजणी असते. त्या दिवशी सूर्य ज्या नक्षत्रात असेल त्याला एक धरून दिवसाच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं. पहिली पाच अशुभ, पुढची आठ शुभ, मग आठ अशुभ आणि शेवटची सहा शुभ.

तुमचाच दिवस मोजून पाहा. साधारण 6 ते 19 फेब्रुवारी सूर्य धनिष्ठेत असतो. धनिष्ठा एक, शततारका दोन, पूर्वाभाद्रपदा तीन, उत्तराभाद्रपदा चार, रेवती पाच. म्हणजे रेवती पहिल्या पाचांत आली. उत्तरा फाल्गुनी सतरावी आणि चित्रा एकोणिसावी येते, म्हणून एरवी प्रवेशाला चालणारी ही दोन्ही नक्षत्रंही या पंधरवड्यात बाद होतात. उरतात रोहिणी (नववं), मृग (दहावं), अनुराधा (बाविसावं) आणि उत्तराषाढा (सव्विसावं). वसंत पंचमी स्वतःच मुहूर्त आहे, तिला आणखी काही पाहू नये, असं मानणारेही आहेत. पण घर एकदाच होतं आणि पाच दिवस थांबून स्वच्छ दिवस मिळत असेल तर मी थांबेन.

पाच दिवस अशासाठी, की पंचमीला रेवती असेल तर रोहिणी आणि मृग नवमी-दशमीच्या आसपास येतात. यात नवमी रिक्ता, ती सोडायची. एकादशीच्या उत्तरार्धात भद्रा असते, तीही नको. म्हणून माघ शुद्ध दशमी आणि मृग यांची सांगड मिळाली तर ती पहिली निवड. सूर्य तोवर शततारकेत गेला असेल तर मोजणी एकाने सरकते, मृग नववं होतं, पण शुभातच राहतं. मंगळवार-रविवार आणि गुरू-शुक्राचा अस्त तेवढा पंचांगात पाहून घ्या. मोबाईलवर पाहताना ठिकाण गोव्याचं घाला, नाहीतर लग्नाच्या, म्हणजे पूर्वेला उगवत असलेल्या राशीच्या, वेळा दुसऱ्याच गावच्या मिळतात.

आता वेळ. मुहूर्त लागतो तो उंबरठा ओलांडायच्या क्षणाला. अख्खी वास्तुशांत त्यात बसवायची नसते. प्रवेशाला स्थिर लग्न घेतात: वृषभ, सिंह, वृश्चिक किंवा कुंभ. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्योदय सातच्या सुमारास होतो आणि तेव्हा कुंभ लग्न चालू असतं. ते सव्वाआठपर्यंत धरून चाला, नेमकी मिनिटं भटजी देतील. पुढचं स्थिर लग्न वृषभ, ते थेट बाराच्या पुढे. म्हणून सकाळचंच धरा.

आदल्या दिवशी ग्रामदेवतेकडे नारळ-विडा ठेवून गाऱ्हाणं घालायचं, कुलदेवतेला आमंत्रण द्यायचं आणि जागेच्या राखणदाराला त्याच्या रीतीप्रमाणे नारळ-केळी ठेवायची. हे तुमच्या मोठ्या काकांच्या हातून होऊ द्या. त्या जागेवर काय चालत आलंय ते त्यांना ठाऊक असतं.

सकाळी दाराला आंब्याचं तोरण, उंबरठ्याची पूजा, मग प्रवेश. वहिनींच्या हातात पाण्याने भरलेला कलश, त्यावर आंब्याची पानं आणि नारळ. तुमच्या हातात देव. मागून घरच्यांनी पेटती समई, तांदूळ आणि मीठ घेऊन यायचं. उजवं पाऊल आधी. आत गेल्यावर देव मांडून चुलीवर दूध उतू घालायचं. दारं बसलेली नाहीत किंवा छप्पर पुरं नाही अशा घरात प्रवेश करू नये असं शास्त्रवचन आहे. म्हणून रंग राहिला तरी चालेल, पण कवाडं लागलेली हवीत.

त्यानंतर सावकाश विधी. गणपतिपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध. नांदी झाली की मधेच सोयर-सुतकाची खबर आली तरी हाती घेतलेलं कार्य थांबत नाही. मग पंचगव्य शिंपडून शुद्धी, वास्तुमंडल आणि नवग्रहांची स्थापना, होम, बली, पूर्णाहुती. घराभोवती सूत गुंडाळून पाण्या-दुधाची धार धरतात. होम सोप्यावर, हवा खेळती असेल तिथे मांडा आणि पंखे बंद ठेवा. साडेसातला बसलात तर बाराच्या आसपास पूर्णाहुती होते.

पूर्णाहुतीनंतरचा निक्षेप मात्र आजच ध्यानात घ्या. वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा, सप्तधान्य आणि पंचरत्नांसह पेटीत पालथी ठेवून घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरतात. त्याला हातभर खोल खड्डा लागतो. आमच्या घरी हे कुणी मेस्तांना सांगितलंच नव्हतं. लाद्या बसून घोटून झाल्या होत्या. पूर्णाहुती झाल्यावर मेस्ताला बोलावलं, कटर लावला आणि पांढरी धूळ देवांवर, नैवेद्याच्या केळीच्या पानावर, सगळीकडे बसली. आईने ते पान उचलून दुसरं मांडलं, तेव्हा तिचे हात थरथरत होते. ते मला अजून दिसतं. मेस्तांना या आठवड्यातच सांगा, की आग्नेयेची एक लादी बसवू नका, खाली खड्डा करून त्यात वाळू भरून ठेवा. तुमचं स्वयंपाकघर त्याच कोपऱ्यात असेल तर मोरीचा पाईप कुठून जातो ते आधी पाहा. खड्डा त्याच्यापासून दूर आणि रोज पाय पडणार नाही असा, ओट्याखाली भिंतीलगत, बरा.

सत्यनारायण सकाळच्या गर्दीत घालू नका. त्याची वेळ प्रदोषकाळ, संध्याकाळची. मधल्या वेळात जेवणं होतात. खतखतं, वरण-भात, मणगणं एवढं पुरे, फक्त आधी ब्राह्मणभोजन. लांबच्या पाहुण्यांना संध्याकाळच्या तीर्थप्रसादालाच बोलावा, म्हणजे होमाच्या वेळी तुम्हा दोघांना पाटावरून उठावं लागणार नाही.

त्या रात्री घराला कुलूप लावून जुन्या घरी जाऊ नका. सामान आलेलं नसलं तरी चटई टाकून तिथेच झोपा आणि समईत रात्रभर पुरेल एवढं तेल घाला.