रक्तवाहिन्यांचा ‘ताण’ कमी, तरी दाब जास्त?

प्रश्न: एका लेखात वाचलं, ‘व्यायाम करताना रक्तवाहिन्यांचा ताण कमी होतो आणि रक्तदाब वाढतो.’ ताण कमी झाला तर दाब कसा वाढेल? इथे ‘ताण’ हा शब्द बरोबर आहे का?

वाक्यातली माहिती बरीचशी खरी आहे, गोंधळ केलाय तो शब्दाने. इथे मूळ शब्द ‘टोन’ आहे. बारीक धमन्यांच्या भिंतीत स्नायू असतात आणि आपण स्वस्थ बसलेलो असतानाही ते थोडे आवळलेलेच असतात. ते किती आवळलेले आहेत, हे म्हणजे टोन. मराठीत ‘ताण’ म्हटलं की आधी मनावरचा ताण डोळ्यांसमोर येतो, नाहीतर ओढलेल्या दोरीचा. त्यात विषय व्यायामाचा असेल तर ‘हृदयावर ताण येतो’ हेही मध्ये येतं. एका आरोग्य-पुस्तिकेचं मराठी तपासताना मीही हाच शब्द ठेवला होता. एका वाचकाने त्याचा अर्थ ‘व्यायामाने चिंता कमी होते’ असा घेतला, आणि त्या वाक्यातून तो अर्थ सहज निघत होता.

माझं मत असं की इथे नाम शोधत बसूच नये. मराठीत ‘आवळणे’ आणि ‘सैलावणे’ ही क्रियापदं आयती आहेत. मूठ आवळते, पकड सैलावते, तशीच धमनी. रक्तवाहिनी सैलावली की तिची पोकळी रुंदावते आणि रक्ताला होणारा विरोध घटतो, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता तुमचं कोडं. रक्तदाब दोन गोष्टींवर ठरतो: हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकतं आणि त्या रक्ताला पुढे किती विरोध होतो. एक निरोगी तरुण माणूस घ्या. बसलेला असताना नाडी ७०, दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त, म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर. तोच जोरात सायकल मारू लागला, नाडी १६०वर गेली आणि ठोक्यामागे ११० मिलिलिटर रक्त पडू लागलं, की तो आकडा साडेसतरा लिटरपर्यंत जातो, साडेतीन पटींहून थोडा जास्त. विरोध तेवढाच राहिला असता तर दाबही तितकाच पट चढला असता, आणि ते शरीराला झेपलं नसतं. पण विरोध साधारण एक तृतीयांशावर येतो. त्यामुळे सरासरी दाब ९३वरून ११०च्या आसपास, एवढाच चढतो. वाहिन्या सैलावल्या म्हणून दाब वाढलेला नाही. त्या सैलावूनही तो थोडा वाढला, कारण हृदयाने त्याहून जास्त रक्त पुढे ढकललं. म्हणजे त्या वाक्यातलं ‘आणि’ चुकीचं आहे, तिथे ‘तरीही’ हवं.

आणखी एक खोट आहे. कोणत्या रक्तवाहिन्या, ते लेखकाने सांगितलेलंच नाही. आतडी आणि मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या धमन्या व्यायामात उलट आवळतात, कारण मज्जातंतूंकडून आवळण्याचा हुकूम साऱ्या शरीराला सुटलेला असतो. राबणाऱ्या स्नायूंनाही तो मिळतो, पण तिथे साचणारे पोटॅशियम, ॲडेनोसिन, आम्ल वगैरे पदार्थ तो जागच्या जागी निष्प्रभ करतात. विश्रांतीत स्नायूंच्या वाट्याला एकूण रक्ताचा जेमतेम पाचवा हिस्सा येतो. जोराच्या व्यायामात तो पाऊण हिश्शाच्याही पुढे जातो.

आलेल्या रक्तातून ते स्नायू ऑक्सिजनही जास्त काढून घेतात. याला लेखांमध्ये ‘निष्कर्षण’ म्हणतात. मला ‘उचल’ आवडतो. खात्यातून काढलेल्या रकमेसारखा तो नेमका बसतो. धमनीतल्या लिटरभर रक्तात सुमारे २०० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. विश्रांतीत शरीराची उचल त्यातल्या ५०ची, आपल्या सायकलस्वाराची समजा १३०ची. रक्त साडेतीन पट, उचल अडीच पट. दोन्हींचा गुणाकार होऊन ऑक्सिजनचा वापर जवळजवळ नऊपट होतो.

मूळ वाक्य धावणं, पोहणं, सायकल अशा हालत्या व्यायामापुरतंच खरं आहे. जड वजन उचलून तसंच धरून ठेवलं तर फुगलेला स्नायू स्वतःच्याच वाहिन्या दाबून धरतो आणि विरोध तसा उतरत नाही. फरक दंडाला लावलेल्या पट्ट्यावर दिसतो. सायकलवर वरचा आकडा १२०वरून १८०पर्यंत चढला तरी खालचा ८०च्या आसपास राहतो किंवा किंचित उतरतो. वजन धरून ठेवलं की दोन्ही चढतात.

तेव्हा मी ते वाक्य असं लिहीन: ‘धावताना राबणाऱ्या स्नायूंतल्या धमन्या सैलावतात, तरीही हृदय बरंच जास्त रक्त बाहेर टाकत असल्यामुळे रक्तदाबाचा वरचा आकडा वाढतो.’ लांबलंय, पण ते वाचून तुमचा प्रश्न पडत नाही.