एकूण स्कोर सोडा, प्रत्येक अटीचा स्कोर वेगळा काढा

> चिंचोली एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे. अकाउंट्स आणि एक्स्पोर्टची कागदपत्रं दोन्ही बघणारा माणूस हवाय. साठ-सत्तर रेझ्युमे आले. पुतण्यानं पायथनमध्ये `all-MiniLM-L6-v2` वापरून पूर्ण जाहिरात आणि पूर्ण रेझ्युमे यांचा स्कोर काढून दिला, पण जवळजवळ सगळे ०.५५ ते ०.६५ मध्येच बसतात. यातून निवडायचं कसं?

आमचंही काम टॉवेलचंच, अक्कलकोट रोडला, आणि जागाही हीच होती. म्हणून सविस्तर लिहितो. मी अकाउंट्स आणि भरती बघणारा माणूस आहे, प्रोग्रामर नाही. कोड पुतण्याकडून तपासून घ्या.

स्कोर असे चिकटून का येतात ते आधी बघू. हे मॉडेल दिलेल्या मजकुराचा एकच सरासरी ठसा काढतं, ३८४ आकड्यांचा. पूर्ण रेझ्युमे दिला की ठशात 'हा अकाउंट्सचा माणूस आहे' एवढंच उरतं, आणि तुमच्याकडे अर्ज केलेले सगळे अकाउंट्सचेच आहेत. शिवाय ते मूळ सेटिंगवर पहिले २५६ शब्दतुकडेच वाचतं. पुढचा मजकूर कापून टाकतं आणि तसं सांगतही नाही. आपल्याकडच्या रेझ्युमेत वर काय असतं? करिअर ऑब्जेक्टिव्ह, शिक्षणाचा तक्ता, स्किल्सची यादी. खरं काम दुसऱ्या पानावर. म्हणजे पुतण्यानं बहुधा सत्तर ऑब्जेक्टिव्हची तुलना केली आहे.

आता आम्हाला ज्यानं खड्ड्यात घातलं ते सांगतो. आम्ही हे काम बाहेरच्या एका भरती संस्थेला दिलं होतं. नाव घेत नाही. ते तुकडे करत होते, पण ठरावीक अक्षरं मोजून, वाक्य कुठेही तुटो. आणि शेवटी सगळ्या अटींच्या स्कोरची सरासरी काढून एक आकडा हातात द्यायचे. ती सरासरीच आम्हाला सगळ्यात महाग पडली. समजायला सोपे म्हणून आकडे मी घेतलेत, गोष्ट मात्र हीच. अटी चार: टॅलीत नोंदी आणि बँक जुळवणी, जीएसटी रिटर्न, शिपिंग बिलासाठी इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट, परदेशी ग्राहकाशी इंग्रजीत ई-मेल. पहिल्या उमेदवाराचे स्कोर ०.७८, ०.७४, ०.३१, ०.६०. दुसऱ्याचे ०.६२, ०.५८, ०.६६, ०.५७. बेरीज दोघांची २.४३, सरासरी ०.६१. त्या संस्थेच्या तक्त्यात दोघे सारखेच. पण पहिल्यानं शिपिंग बिल कधी हातात धरलेलं नाही, आणि तो ०.३१ सरासरीत गडप झाला.

आम्ही पहिल्यासारखा माणूस घेतला. टॅलीत तो खरंच चोख होता, त्याचा काही दोष नाही. पण इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टमधले कार्टन जुळेनात, शिपिंग बिलात दुरुस्ती करावी लागली, आणि न्हावा शेवाला आमच्या कंटेनरचं जहाज चुकलं. संस्थेला विचारलं की या अटीसाठी रेझ्युमेतली कोणती ओळ धरली होती, तर उत्तर आलं, 'सिस्टीमनं दिलंय.' फी मात्र पूर्ण घेतली. कोणत्या अटीला कोणती ओळ लागली हे जो दाखवू शकत नाही, त्याच्या स्कोरवर माणूस घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

तेव्हा जाहिरात आधी हातानं फोडा. चार-पाच अटींसाठी प्रोग्राम नको. एका ओळीत एकच काम ठेवा. 'टॅली, जीएसटी आणि एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनचा अनुभव' ही एक अट नाही, तीन आहेत. एकत्र ठेवली तर टॅलीवाला एक्स्पोर्टवाल्याचे गुण घेऊन जातो. अट नुसत्या शब्दात न लिहिता वाक्यात लिहा: 'निर्यातीसाठी इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट बनवून शिपिंग बिलासाठी कस्टम्स ब्रोकरला देणे'. रेझ्युमे इंग्रजीत असतील तर अटीही इंग्रजीतच लिहा, कारण हे मॉडेल मुळात इंग्रजीसाठीचं आहे. 'मेहनती, टीममध्ये काम करणारा' असल्या अटी काढून टाका, त्यांना जुळणारं वाक्य प्रत्येक रेझ्युमेत सापडतं. कंपनीच्या इतिहासाचा परिच्छेदही काढा.

रेझ्युमे फोडताना एक कामाचा मुद्दा म्हणजे एक तुकडा, आणि प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याचं शीर्षक जोडा: पद, कंपनीचा प्रकार, साल. नुसतं 'पॅकिंग लिस्ट तयार केली' हे कॉलेजच्या प्रोजेक्टमधलं की नोकरीतलं, हे तुटलेल्या ओळीवरून कळत नाही. अक्षरं मोजून कापल्यावर नेमकं हेच हरवतं. स्किल्सची यादी वेगळी ठेवा आणि या तुलनेत घेऊच नका. 'एक्स्पोर्ट' शब्द लिहिणं आणि ते काम केलेलं असणं यात फरक आहे.

मग एकेका रेझ्युमेचे तुकडे `chunks` मध्ये आणि अटी `requirements` मध्ये घेऊन प्रत्येक अटीसाठी सगळ्यात जवळचा तुकडा शोधायचा:

```python
from sentence_transformers import SentenceTransformer, util
m = SentenceTransformer("all-MiniLM-L6-v2")
R = m.encode(requirements)
C = m.encode(chunks)
S = util.cos_sim(R, C)
best, idx = S.max(dim=1)
for r, b, i in zip(requirements, best, idx):
    print(round(b.item(), 2), r, "->", chunks[i])
```

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. आकड्याशेजारी अट आणि सापडलेली ओळ छापून येते, ती डोळ्यांनी वाचा.

०.५ च्या वर पास, असा एकच कट-ऑफ सगळ्या अटींना लावू नका. ई-मेलच्या अटीला सगळ्यांचेच स्कोर वर जातील, शिपिंग बिलाच्या अटीला बहुतेकांचे खाली राहतील. प्रत्येक अटीसाठी सगळे उमेदवार वेगळे उतरत्या क्रमानं लावा, वरून ओळी वाचत या, आणि जिथे ओळी त्या कामाबद्दल बोलेनाशा होतात तिथे त्या अटीची रेघ मारा. आमच्यासारख्या जागेत शिपिंग बिलाची अट सक्तीची धरा: त्या रेघेखाली असलेला माणूस बाकी कितीही भारी असो, वेगळ्या ढिगात. सरासरी काढूच नका.

दोन गोष्टी या पद्धतीनं कळत नाहीत. एक म्हणजे नकार. 'शिपिंग बिलाचा अनुभव नाही, पण शिकायची तयारी आहे' या ओळीला चांगला स्कोर येतो, कारण विषय तोच आहे. म्हणूनच ओळ वाचायला सांगतोय. दुसरी म्हणजे आकडे. '२ वर्षं' आणि '७ वर्षं' यांच्यातला फरक तिला जवळजवळ दिसत नाही. अनुभवाची वर्षं, पदवी, चिंचोलीला रोज येण्याची सोय, हे साध्या एक्सेलच्या फिल्टरनं किंवा फोनवर विचारून ठरवा.

नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, वैवाहिक स्थिती हे सगळं फोडण्याआधीच काढून टाका. आपल्याकडचे रेझ्युमे अर्धे बायोडाटाच असतात, आणि या गोष्टींचा कामाशी संबंध नाही.

सगळ्यात आधी चार-पाच पीडीएफमधून निघालेला मजकूर नोटपॅडमध्ये उघडून बघा. सायबर कॅफेतून करून आणलेल्या दोन कॉलमच्या फॉरमॅटमध्ये डावीकडची भाषांची यादी उजवीकडच्या कामाच्या ओळींत मिसळते. 'तेलुगू, मराठी, हिंदी' मध्येच घुसलेलं दिसलं, तर त्या रेझ्युमेचे तुकडे हातानं करा. सत्तरमध्ये असे फार निघणार नाहीत.