नोटीस लावण्याआधी क्रम एकदा तपासा

सर, शाळेच्या क्रीडास्पर्धांसाठी तुम्ही लिहिलेली नोटीस वाचली. तुम्ही ८०० मीटर संपताच लगेच ४×१०० रिले ठेवली आहे, ती जागा आधी बदला. शाळेत चांगली पळणारी पोरं मोजकीच असतात आणि तीच दोन्हीकडे नाव देतात. ८०० मीटर पळून आलेलं पोर धापा टाकतच बॅटन घेणार. मी हीच चूक केली होती. आमच्या नववीच्या मुलीच्या हातून बॅटन पडली आणि ती मैदानातच रडत बसली.

म्हणून नावं आल्यावर एक कागद घ्या. डावीकडे मुलांची नावं, वर स्पर्धा, आणि खुणा करा. एकाच मुलाच्या दोन खुणा शेजारी आल्या की क्रम हलवा. सकाळी १०० मीटरच्या हीट्स, मग लांब उडी आणि गोळाफेक, ऊन चढायच्या आत ८०० मीटर, त्यानंतर लहान वर्गांच्या शर्यती. तेवढ्यात मोठ्यांना दम खायला वेळ मिळतो. १०० मीटरची फायनल त्यानंतर, रिले सगळ्यात शेवटी.

सरावाबद्दल नुसतं 'रोज सकाळी ७ वाजता' लिहू नका, कोणत्या दिवशी काय ते लिहा. रिलेला निदान चार दिवस वेगळे द्या. ३० मीटरचा बदलीचा पट्टा फक्कीने आखून ठेवा आणि मुलांना पूर्ण वेगात बॅटन द्यायला लावा. उभ्या उभ्या केलेला सराव शर्यतीत उपयोगी पडत नाही. आदल्या दिवशी मात्र हलका वॉर्मअपच.