आधी बोंजूर, मग काम

"पुढच्या महिन्यात नोकरीसाठी फ्रान्सला जातोय. बोंजूर म्हटल्याशिवाय तिथे कोणी नीट उत्तर देत नाही असं ऐकलं. नमस्काराच्या एका शब्दाला एवढं महत्त्व का?"

मी इथे आले त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट सांगते. रेल्वे स्टेशनवर गाडी सुटायला जेमतेम दहा मिनिटं उरली होती. माहितीच्या खिडकीशी धावत गेले आणि घरी पाठ करून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "एक्सक्यूझे-म्वा, दिजाँची गाडी कुठल्या फलाटावर?" आतल्या बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बोंजूर." त्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटून मी तोच प्रश्न जरा मोठ्याने विचारला. त्या पुन्हा म्हणाल्या, आणखी सावकाश, "बोंजूर, मादाम." काही न सुचून मीही बोंजूर म्हटलं, आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. फलाट तर त्यांनी सांगितलाच, शिवाय कुठल्या जिन्याने गेलं तर लवकर पोचाल तेही सांगितलं.

मला वाटत होतं, "माफ करा" म्हणजे पुरेसं नम्र. पण त्या शब्दाने मी फक्त त्यांचं लक्ष वेधलं होतं. खिडकीपलीकडे एक माणूस बसलंय याची दखल घेतलीच नव्हती. इथे हा फरक फार मानतात. काम सांगणं म्हणजे समोरच्याच्या वेळेवर हक्क सांगणं, आणि तो हक्क त्याने दिल्याशिवाय मिळत नाही. आपण बोंजूर म्हणतो ते दार वाजवणं, आणि त्याचं उलट बोंजूर म्हणजे दार उघडणं. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनीही अभिवादनाकडे असंच पाहिलं होतं: दोन माणसं आता एकमेकांना उपलब्ध झाली, हे जाहीर करणारा छोटासा विधी. म्हणून बोंजूर म्हणून झाल्यावर क्षणभर थांबा, उत्तर येऊ द्या, मग विचारा. एका श्वासात "बोंजूर-दोन-तिकिटं" म्हटलं की शब्द उच्चारला जातो, पण दार उघडायची वाट आपण पाहिलेली नसते.

दुसरं कारण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. दुकानदार किंवा वेटर सेवा देतो, पण तो आपला नोकर नाही, ही भावना इथे पक्की आहे. दुकान ही त्याची जागा, आपण तिथे आलेले. म्हणून आत येणाऱ्याने आधी बोलायचं. पैसे देतोय म्हणून ही पायरी गाळता येत नाही. 2013 मध्ये नीस शहरातल्या एका कॅफेने दरफलकच तसा लावला होता: नुसतं "एक कॉफी" म्हटलं तर 7 युरो, "प्लीज" जोडलं तर 4.25, आणि "बोंजूर, एक कॉफी, प्लीज" म्हटलं तर 1.40. मालकाने तो गमतीत लावला होता, पण त्यातली तक्रार इथल्या प्रत्येकाला लगेच कळली.

चूक झाली हे ओळखायची खूण सोपी आहे. तुमच्या प्रश्नाला उत्तर म्हणून जरा लांबवलेलं "बोंजूर" आलं, तर ते स्वागत नसून दुरुस्ती आहे. अशा वेळी मी केलं तसं प्रश्न मोठ्याने विचारू नका. मागे जा, बोंजूर म्हणा, उत्तर घ्या आणि मग विचारा. राग तिथेच संपतो. नुसतं हसून मान हलवणं मात्र पुरत नाही, आवाज हवा.

मेट्रोत किंवा रस्त्यावर अनोळखी माणसांना कोणी बोंजूर म्हणत नाही. पण बसचा ड्रायव्हर, सुपरमार्केटच्या गल्ल्यावरची व्यक्ती, डॉक्टरांकडच्या प्रतीक्षाखोलीत आधीच बसलेली मंडळी यांना म्हणायचं. संध्याकाळी बोंस्वार; नेमकी वेळ ठरलेली नाही, साधारण सहानंतर सुरू होतं. "साल्यू" फक्त ओळखीच्यांना. ऑफिसच्या मेलमध्येही पहिली ओळ बोंजूरचीच. थेट कामापासून सुरू झालेला मेल हुकूम सोडल्यासारखा वाटतो.

हे सगळं शिकल्यावर मी उलट्या बाजूने चुकले. ऑफिसात एकाच सहकाऱ्याला सकाळी, जेवणानंतर आणि चार वाजता, तिन्ही वेळा उत्साहाने बोंजूर म्हटलं. तिसऱ्यांदा तो जरा दुखावून म्हणाला, "आपण भेटलोय की आज." बोंजूर दिवसातून एकदाच उघडायचं दार आहे, त्याच माणसाला ते पुन्हा म्हणणं म्हणजे सकाळची भेट लक्षातच नाही असं सांगणं. दुसऱ्यांदा समोर आलं तर "रबोंजूर" म्हणतात, आणि त्यानंतर नुसती मान हलवली तरी चालतं.