सीमाशुल्क घोषणापत्रातील अकरावा प्रश्न

अमेरिकेत प्रवेश करताना भरायच्या सीमाशुल्क घोषणापत्राविषयी हे थोडक्यात : एकत्र प्रवास करणाऱ्या एका घरच्या माणसांनी मिळून ते एकच भरायचे असते. नाव पासपोर्टावर आहे तसेच लिहा. जपून वाचावा तो अकरावा प्रश्न : ‘मी फळे, भाज्या, वनस्पती, बिया, खाद्यपदार्थ, कीटक आणत आहे.’ सामानात बिस्किटांचा पुडा जरी असला, तरी ‘होय’वर खूण करा, कारण तसे केल्यास अधिकारी सामान तपासून फार तर नको ती वस्तू काढून घेतात, पण ‘नाही’ लिहूनही पिशवीत एखादे सफरचंद सापडले, तर दंड होऊ शकतो. तेरावा प्रश्न १०,००० डॉलरांहून अधिक रकमेचा आहे. एवढी रक्कम नेण्यास बंदी नाही, मात्र ती कळवावी लागते, आणि सामाईक घोषणापत्रात ती कुटुंबाची एकत्रित धरली जाते.